टेबलाखालची बोअर

वहिनींच्या लॉन्ड्रीत एक लोखंडी टेबल होतं आणि गेल्या एकतीस वर्षांत ते एकदाही जागचं हललं नव्हतं. दुकान रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्याला बजावलं होतं, या टेबलाला हात लावायचा नाही. फरशी बदलली तेव्हा टेबलाखालची तेवढी चौकट जुनीच ठेवली. नव्या कामवाल्या बाईने एकदा झाडताना टेबल सरकवायला नुसता हात लावला, तर वहिनींचे सासरे खुर्चीतून असे गरजले की बिचारीच्या हातातला झाडूच गळून पडला. टेबलावर निळीचा भलामोठा टब असे. टेबलाखाली गोणपाट, गोणपाटाखाली लाकडी झाकण आणि झाकणाखाली बोअर.

ही बोअर सासऱ्यांनी घेतली होती, तेव्हा ते ऐन उमेदीत होते आणि गल्लीत निम्मी घरं नव्हती. नोंद करायची म्हणून कुणी सांगितलं नाही. पुढे सगळ्या जुन्या बोअरी नोंदवून घ्या असं सरकारी पत्रक आलं, तेव्हा सासऱ्यांनी त्या पत्रकात इस्त्री केलेले रुमाल बांधून दिले. "कागदावर चढली की आपली राहत नाही," हे त्यांचं म्हणणं. ती नोंदली तर मीटर बसेल, मीटर बसला तर हिशोब मागतील आणि एखाद्या दिवशी बंद करा म्हणतील, अशी त्यांची भीतीची जिन्यासारखी पायरी-पायरीने चढत जाणारी मांडणी होती. वहिनी लग्न होऊन आल्या त्या आठवड्यातच त्यांना झाकण उघडून दाखवलं गेलं आणि कुणाकडे बोलायचं नाही अशी ताकीद मिळाली. दुसऱ्यांच्या घरात सुनेला दागिने दाखवतात, इथे भोक दाखवलं.

पण त्या भोकावर सगळा संसार उभा होता. इस्पितळाच्या दोनशे चादरी रोज येत, रोज धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री होऊन परत जात. वहिनींचा नवरा त्या टेम्पोने पोचवायचा. नळाला पाणी सकाळी पाऊण तास, तेही मूड असेल तर. बोअर गेली तर दोनशे चादरी काय, दोन उशांचे अभ्रे निघाले नसते. हे वहिनींना पक्कं माहीत होतं, म्हणून त्या गप्प होत्या. आणि गप्प राहण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

भिंतीला भिंत लागून पाळणाघर होतं. ते चालवणाऱ्या ताई वहिनींपेक्षा चार वर्षांनी लहान, पण पस्तीस पोरांना सांभाळून आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा झालेला. दोघींचं चांगलं गूळपीठ होतं. पाळणाघराच्या दुपट्यांना वहिनी फुकट इस्त्री करून द्यायच्या आणि वहिनींची मुलगी लहानपणी अर्धी त्या घरातच वाढली होती. ताईंकडे पाण्याची नुसती ओरड. पस्तीस पोरं, त्यांचे हात, त्यांची तोंडं, त्यांचं बाकीचं सगळं. पाऊण तासाच्या नळात काय काय धुणार? शेवटी ताईंनी मागच्या अंगणात बोअर घ्यायचं ठरवलं आणि त्या सरळमार्गी बाई असल्यामुळे आधी भूजल कार्यालयात अर्ज केला.

अर्ज आला म्हणजे जागेची पाहणी आली. पाहणीला एक तरुण मॅडम आल्या. पायात बूट, खांद्याला झोळी, झोळीत नकाशाची गुंडाळी. ताईंचं अंगण बघून झाल्यावर त्या शेजाऱ्यांकडे चौकशीला म्हणून लॉन्ड्रीत शिरल्या, इकडेतिकडे बघितलं आणि नकाशा पसरायला सपाट जागा दिसली ती नेमकी त्या टेबलाची. निळीचा टब त्यांनी स्वतःच्या हाताने कडेला सरकवला.

सासऱ्यांना तिथल्या तिथे ठसका लागला.

नकाशावर गल्ली होती. घरं लहान लहान चौकोनांची आणि काही चौकोनांत निळे ठिपके. मॅडमनी ताईंच्या अंगणावर कंपासचं टोक टेकवलं आणि एक गोल काढला.

"हे काय हो?" वहिनींनी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही.

"नियमात अंतर ठरवून दिलंय. नवी बोअर घ्यायची तर या गोलात दुसरी बोअर, विहीर आहे का ते आधी बघायचं," मॅडम म्हणाल्या. "खाली काळा पाषाण आहे. पाणी काही तळ्यासारखं भरून राहिलेलं नसतं, दगडाच्या भेगांतून चाललेलं असतं. दोन बोअरी एकाच भेगेवर बसल्या तर एकीने ओढलं की दुसरीचं उतरतं. म्हणून नोंद लागते. कोण किती खोलवरून, किती पाणी उपसतंय ते कळलं तर परवानगी देताना जागा बदलता येते, खोली बदलता येते. नोंदच नसेल, तर माझ्या नकाशावर ती बोअर नाहीच."

वहिनींनी नकाशाकडे पाहिलं. कंपासचा गोल लॉन्ड्रीच्या चौकोनावरून गेला होता. चौकोन कोरा होता. त्या कोऱ्या चौकोनाच्या बरोबर खाली टेबल, टेबलाखाली गोणपाट. त्यांना एकदम वाटलं, आपण उभ्या आहोत ती जागाच नाहीये.

"तुमच्याकडे आहे का विहीर, बोअर काही?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "आम्ही टँकर घेतो."

इतकं सहज आलं तोंडातून की त्यांची त्यांनाच कमाल वाटली. मॅडमनी कोऱ्या चौकोनात छोटीशी फुली मारली, आभार मानले आणि नकाशा गुंडाळून निघून गेल्या. जाताना टब पुन्हा मधोमध ठेवायला विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या फाटकावर नोटीस लागली. अमुक जागी बोअर घेण्याचा अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कार्यालयात लेखी कळवावी. वहिनी येता-जाता ती नोटीस वाचायच्या. चौथ्या दिवशी पाठ झाली. हरकत घ्यायची तर सांगावं लागणार की आमची बोअर आहे. आणि आमची बोअर आहे म्हटलं की मग टँकर कुठला? नवव्या दिवशी त्यांनी कार्यालयातून जुनी बोअर नोंदवायचा फॉर्म आणला. एकच पान होतं. मालकाचं नाव, खोली, केसिंगचा, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून बसवलेला पाइप किती फुटांपर्यंत, पंपाची ताकद, पाणी कशासाठी वापरता. पहिल्या चार ओळी भरल्या आणि सासऱ्यांपुढे सहीला ठेवला.

सासऱ्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "माझ्या तिरडीवर सही घ्या याची," म्हणाले.

"बाबा, ताई तिथे बोअर घेतायत. आपलं पाणी उतरलं तर?"

"आपली एकशे ऐंशी फूट आहे. ती पोरगी काय पाताळात जाणार आहे का?"

नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मान हलवली. फॉर्म वहिनींच्या खणात गेला. पंधरावा दिवस आला तसाच गेला आणि ताईंना परवानगी मिळाली. पेढे मिळाल्यासारखा तो कागद नाचवत त्या लॉन्ड्रीत आल्या. "वहिनी, आता पोरांना रोज आंघोळ घालणार मी!" वहिनींनी हसून अभिनंदन केलं. 

बोअर मारायची रिग आली त्या दिवशी सकाळी दहापासूनच गल्ली बंद होती. एक गाडी मनोऱ्याची, दुसरी कॉम्प्रेसरची. पोरांना ताईंनी पुढच्या खोलीत खिडकीशी ओळीने बसवलं होतं, ती तिथून हलायला तयार नव्हती. ड्रिलर पन्नाशीचा, बोलायला कंजूष माणूस. गाडीवर त्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला, खिशात ताईंचा परवाना. तो त्याने दोनदा वाचला, जागेशी ताडून पाहिला, मगच मनोरा उभा केला. परवान्याशिवाय भोक मारलं तर माझी गाडीच जप्त होते, असं तो ताईंना म्हणाल्याचं वहिनींनी भिंतीवरून ऐकलं.

मग काम सुरू झालं.

वहिनींनी आयुष्यात बरेच आवाज ऐकले होते, पण हा आवाज कानाने ऐकायचा नव्हताच. तो तळपायातून वर येत होता. इस्त्रीच्या टेबलावरचे हुक किणकिणायला लागले. भिंतीपलीकडे राखाडी धुळीचा ढग उठला. दर दहा फुटांना ड्रिलरचा माणूस खालून आलेला चुरा मूठभर घेऊन जमिनीवर ढीग करायचा. पिवळा ढीग, तांबूस ढीग, मग एकामागून एक काळे ढीग, ओळीने. वहिनी भिंतीपाशी स्टूल लावून बघत राहिल्या. एकतीस वर्षं त्या या जमिनीवर चालल्या, खाली काय आहे ते आज कुणीतरी मुठीमुठीने वर काढून दाखवत होतं. त्यांना आपली बोअर, भीती, सगळं क्षणभर विसरायला झालं.

दीडशे फूट झाले असतील. वहिनी आत आल्या, कारण चादरी वाळत होत्या आणि धूळ बसेल म्हणून गोळा करायच्या होत्या. तेवढ्यात त्यांना टेबलाखालून शिट्टी ऐकू आली.

आधी बारीक, किटलीसारखी. मग जाड. गोणपाट फुगलं. सासरे खुर्चीत ताठ झाले. वहिनींनी धावत जाऊन मोटारीचं बटण बंद केलं आणि मागे वळतात तोच धाड्दिशी लाकडी झाकण उडून टेबलाच्या तळाला आपटलं. एकतीस वर्षांत न हललेलं टेबल एका बाजूला कलंडलं आणि त्या जागेतून छताला टेकेल असा पाण्याचा खांब उभा राहिला. राखाडी, गार, दगडाच्या वासाचा. सगळीकडे पाणी. इस्पितळाच्या साठ इस्त्री केलेल्या चादरी बघता बघता गोठ्यातल्या झाल्या.

वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडायचं सुचलंच नाही. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. पलीकडच्या अंगणात कुणीतरी दगडात हवा फुंकली होती आणि ती इथे, त्यांच्या घरात वर आली होती. मधे भिंत होती, कुंपण होतं, दोन वेगळे सात-बारे होते, दोन वेगळी वीजबिलं होती. खाली यातलं काहीच नव्हतं. 

पलीकडे नवा रॉड जोडायला ड्रिलरने हवा बंद केली आणि खांब कोसळला. जमिनीवरचं सगळं पाणी गुडगुड करत बोअरमध्ये परत ओढलं गेलं. त्याच्याबरोबर कलंडलेल्या टबातली सगळी नीळही गेली. वीस लिटर, दाट, नुकती कालवलेली. केसिंगचा पाइप फरशीच्या पातळीलाच कापलेला होता, त्यामुळे अडवायला काठसुद्धा नव्हता. निळा ओघळ त्या काळ्या तोंडात गेला आणि बोअरने घटाघटा पिऊन टाकला.

"लाव झाकण, लाव!" सासरे कुजबुजले. एवढ्या गोंगाटातही ते कुजबुजलेच. "कुणी बघितलं नाहीये. लाव आणि टेबल उभं कर."

वहिनींनी झाकण लावलं. टेबल उभं केलं. पलीकडे रिग पुन्हा धडधडायला लागली. आता टेबलाखाली फक्त घशात अडकल्यासारखा बुडबुड आवाज येत होता. त्यांनी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला बसल्या. हात पुसत होते, कान भिंतीकडे होते.

पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग पलीकडून पोरांचा गलका उठला. पाणी लागलं होतं. पाणी, पाणी करत ताईंचा घंटेसारखा आवाज सगळ्यांच्या वर चढला. वहिनी हातातल्या फडक्यासकट अंगणात आल्या आणि स्टुलावर चढल्या. मनोऱ्याच्या बुडातून राखाडी फवारा उसळत होता, ताई त्यात हात घालून हसत होत्या, रडत होत्या. वहिनींनाही रडू यायला लागलं. इतकं पाणी त्यांनी कधी एकदम पाहिलं नव्हतं.

आणि मग फवाऱ्याचा रंग बदलला.

आधी वाटलं आभाळाचं प्रतिबिंब असेल. मग ताईंच्या पांढऱ्या ओढणीवर डाग पडले. फिकट निळे. नंतर चांगले निळे. फवारा वर चढत होता, खाली पडत होता आणि अंगणभर निळे ओहळ काळ्या चुऱ्याच्या ढिगांमधून धावत होते. पोरं खिडकीच्या गजांना लटकून टाळ्या पिटत होती. निळं पाणी! निळं पाणी! ताई तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या. ड्रिलरने तीस वर्षांत असलं काही पाहिलं नव्हतं, तो टोपी काढून नुसता बघत होता. सगळ्या गल्लीत एकच माणूस होतं ज्याला कळत होतं की हे पाणी निळं का आहे.

 दहा मिनिटांपूर्वी त्यांच्या फरशीवरून गेलेली नीळ दगडाच्या पोटातून चालत तिथे पोचली होती. नीळ दिसली म्हणून कळलं. बाकीचं दिसत नाही. इस्पितळाच्या चादरी ज्या ब्लीचमध्ये बुडतात ते पाणी त्याच फरशीवरून वाहतं, त्याच उघड्या तोंडाशी रोज साठतं. उद्या नीळ ओसरेल, पाणी स्वच्छ दिसायला लागेल. आणि ही पस्तीस पोरं ते पितील.

"ताई," म्हणून त्या हाक मारायला गेल्या, तर यंत्राच्या गोंगाटात ती पोचेना. मग त्यांनी हातातलं फडकं हवेत हलवलं, गाडीवाल्यांना थांबवतात तसं. फडकं निळंशार झालेलं होतं.

ड्रिलरने फडक्याकडे बघितलं, फवाऱ्याकडे बघितलं आणि यंत्र बंद केलं.

एवढ्या गोंगाटानंतरची ती शांतता कान दुखवणारी होती. त्या शांततेत वहिनी स्टुलावर उभ्या राहून म्हणाल्या, "आमची बोअर आहे. टेबलाखाली. कागदावर नाही. नीळ आमची आहे, ताई. हे पाणी पोरांना देऊ नका."

ताईंनी ओढणीचं टोक पिळलं, निळं पाणी गळलं, त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या मॅडम विचारायला आल्या होत्या ना तुमच्याकडे?"

"आल्या होत्या."

"मग पंधरा दिवस काय केलंत, वहिनी?"

 खणात अर्धवट भरलेला फॉर्म होता, पण तो काही उत्तर नव्हे.

ड्रिलरने तिथूनच कार्यालयाला फोन लावला. शेजारच्या बोअरशी संबंध निघाला तर काम थांबवून कळवायचं, असं परवान्यात लिहिलेलं होतं आणि तो लिहिलेलं वाचणारा माणूस होता. तासाभरात मॅडम आल्या. लॉन्ड्रीत शिरल्या, चिखल, चादरी, कलंडल्याच्या खुणा सगळं पाहिलं आणि स्वतः वाकून गोणपाट बाजूला केलं. वहिनींना वाटलं, आता ही फाडून खाणार. मॅडम त्या तोंडाशी उकिडव्या बसल्या.

"मी इथेच नकाशा ठेवला होता," त्या एवढंच म्हणाल्या. वहिनींना त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

चार दिवसांनी मोजणी झाली. तोवर दोन्हीकडचं पाणी उपसून उपसून निळेपणा घालवला होता आणि बाटल्या भरून तपासणीला गेल्या होत्या. मॅडमनी ताईंच्या नव्या बोअरमध्ये एक लांब मोजपट्टी सोडली. टोक पाण्याला टेकलं की तिचा डबा टिट् करायचा. एकशे सहा फुटांवर टिट् झालं. मग वहिनींना त्यांची मोटार सुरू करायला सांगितलं.

वहिनी बटण दाबून पळत भिंतीपाशी आल्या. मॅडम घड्याळ धरून दर मिनिटाला आकडा सांगत होत्या. एकशे सहा. एकशे सहा. एकशे सात. एकशे आठ. वहिनींची मोटार त्यांच्या घरात गुरगुरत होती आणि पाणी ताईंच्या अंगणात उतरत होतं. कुणी हात लावत नव्हतं, काही हलताना दिसत नव्हतं, फक्त टिट् दर वेळी थोडं खालून येत होतं. ताई, वहिनी, ड्रिलर, सगळे त्या भोकाभोवती उभे. काठी टेकत सासरेही आले होते, कुणी बोलावलं नसताना. "एकशे बारा," मॅडम म्हणाल्या. तासाभराने मोटार बंद केली. आता पाणी चढायला लागलं, हळूहळू.

"मी घेतली तेव्हा चाळीस फुटांवर होतं," सासरे अचानक म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. "कसं माहीत?"

"दोरी सोडतो ना मी. दर वर्षी. तिला गाठी आहेत." त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. "दहा वर्षांनी साठ झालं. मग ऐंशी. गेल्या साली शंभराला गेलं. मला वाटायचं माझीच बोअर म्हातारी होत चाललीय. बाकी कुणाचं काय, कसं कळणार? मी कुणाला सांगत नव्हतो, मला कोण सांगणार?"

मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं, वर्षांसकट. असे आकडे कार्यालयाकडे या भागाचे नाहीत, म्हणाल्या. सासऱ्यांनी मग कोणी न सांगता खिशातून पेन काढलं आणि वहिनींना म्हणाले, "तो फॉर्म कुठाय?"

निर्णय आला तो कुणालाच गोड नव्हता. ताईंची बोअर दुसऱ्या चालू बोअरच्या अंतरात येते, म्हणून तिच्यावर पंप बसवायला मनाई. झाकण लावून कुलूप, फक्त पातळी मोजायला वापरायची. आधीच नोंद असती तर परवानगीच्या वेळीच समोरच्या कोपऱ्यातली जागा सुचवली असती, असं त्या कागदात सरळ लिहिलं होतं. आता पातळी इतकी खाली गेल्यावर एवढ्याशा जागेत तिसरं भोक मारू देणार नाही, हेही लिहिलं होतं. लॉन्ड्रीची बोअर दंड भरून नोंदवून घेतली. अटी अशा, की केसिंग फरशीच्या दोन फूट वर काढायचं, भोवती सिमेंटने बंद करायचं, घट्ट झाकण, मीटर, उपशाचे तास ठरलेले आणि धुण्याचं सांडपाणी दूर वळवायचं.

ताई महिनाभर बोलल्या नाहीत. दुपटी इस्त्रीला येईनात. वहिनींनी एका सकाळी दुसरा अर्ज लिहिला. नोंदणीच्या कागदात वापरणाऱ्यांची एक ओळ असते, तिथे लॉन्ड्रीपुढे पाळणाघर लिहायची परवानगी मिळावी, पाणी वाटून घेऊ, उपसा ठरलेल्या तासांतच बसवू, चादरी दोनशेच्या दीडशे करू. इस्पितळाला तसं कळवलंही. नवऱ्याने या वेळी मान एकाच बाजूने हलवली. अर्जावर दोन सह्या लागणार होत्या, मालकाची झाली होती, पाळणाघराची राहिली होती. तो घेऊन वहिनी फाटकाशी उभ्या राहिल्या. ताईंनी उभ्याउभ्या वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली. आत या म्हणाल्या नाहीत.

पाइप भिंतीतून पलीकडे गेला त्या दिवशी तपासणीचा दाखला हातात आला होता. पाणी पिण्यालायक. वहिनींनी मोटार सुरू केली आणि पाळणाघराच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. पोरं नव्या नळाभोवती गोल करून बसली होती. नळ आधी खोकला, मग वाहायला लागला.

ताईंनी काचेचा पेला भरला. दोरीवर वहिनींचीच एक पांढरी चादर वाळत होती, तिच्यासमोर त्यांनी पेला धरला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. पोरंही बघायला लागली. कुणी म्हणालं, निळं नाहीये. ताईंनी पेला खाली घेतला आणि वहिनींच्या पुढे केला.

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

वहिनींनी पेला दोन्ही हातांनी घेतला. पस्तीस जोडी डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते. पाणी गार होतं, दगडाच्या वासाचं, त्या दिवशी छताला टेकलं होतं तेच. त्या सगळं प्यायल्या, थेंबसुद्धा न ठेवता, आणि रिकामा पेला ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो पुन्हा नळाखाली धरला आणि भरल्यावर चादरीकडे न बघता सगळ्यात लहान पोराला दिला.